अंडं पाण्यात तरंगलं की टाकायचं का? पुण्यातल्या मे आणि जुलैचा हिशोब

ही अडचण दरवर्षी दोनदा येते आणि दोन्ही वेळा उलटी असते. मे महिन्यात अंडं पातेल्यात सोडलं की टुणकन वर येतं. घरातलं कुणीतरी ते कचऱ्यात टाकतं, दुसरं कुणी हट्टानं फोडून बघतं, तर आत वास नाही, बलक शाबूत. जुलै-ऑगस्टमध्ये अंडं तळाशी निपचित आडवं पडतं, सगळे निश्चिंत होतात, आणि ऑम्लेटसाठी फोडल्यावर ओट्यापाशी उभं राहवत नाही. मग ‘ही पाण्याची चाचणी खरी की थाप?’ हा प्रश्न निघतो.

चाचणी थाप नाही, फक्त ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. अंड्यातलं पाणी किती उडून गेलंय, एवढंच ती सांगते. अंडं नासलंय का, हे तिला कळत नाही. पुण्याच्या हवेत या दोन गोष्टींची फारकत कशी होते ते समजलं की दोन्ही तक्रारी सुटतात.

पोकळी येते कुठून

कोंबडीनं नुकतंच घातलेलं अंडं तिच्या अंगाइतकं गरम असतं, म्हणजे ४० अंशांच्या थोडं वर. ते गार होताना आतला ऐवज आकसतो, टरफल मात्र आकसत नाही. आत रिकामी जागा होऊ लागते आणि बाहेरची हवा टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत ओढली जाते. टरफलाला आतून दोन पातळ पापुद्रे असतात. उकडलेलं अंडं सोलताना नखाखाली येतो तो हाच पांढरा पापुद्रा. हे दोन पापुद्रे रुंद टोकाला एकमेकांपासून सुटतात आणि त्यांच्या मध्ये हवा साठते. तीच पोकळी. रुंद टोकाला छिद्रं जास्त असतात म्हणून ती तिथेच होते. ताज्या अंड्यात तिची खोली जेमतेम ३-४ मिलिमीटर असते.

पुढे रोज थोडं थोडं पाणी वाफ होऊन छिद्रांतून बाहेर जातं. जेवढं पाणी जातं तेवढी हवा आत येते आणि पोकळी खोल होत जाते. टरफलाचा आकार तोच राहतो, वजन मात्र घटतं. पाण्याची चाचणी चालते ती एवढ्या एका गोष्टीवर.

तरंगायला किती वजन जावं लागतं

एक अंडं ५५ ग्रॅमचं धरा. ताजं असताना ते पाण्यापेक्षा साधारण ८ ते ९ टक्क्यांनी जड असतं, म्हणजे त्यानं व्यापलेली जागा सुमारे ५१ मिलिलिटर. ही जागा बदलत नाही. म्हणून ५५ ग्रॅमचं अंडं ५१ ग्रॅमच्या खाली उतरलं की तळ सोडतं. थोडक्यात, चार-सव्वाचार ग्रॅम पाणी उडालं की तरंगलं. त्या वेळी पोकळीची खोली ९-१० मिलिमीटरच्या घरात पोचलेली असते. तुलनेसाठी सांगायचं तर ॲगमार्कच्या प्रतवारीत ‘अ’ प्रतीला ४ मिलिमीटरपर्यंत आणि ‘ब’ प्रतीला ८ मिलिमीटरपर्यंत पोकळी चालते. तरंगणारं अंडं या दोन्हींच्या पलीकडे गेलेलं असतं.

त्याआधीचे टप्पे जास्त कामाचे आहेत. आधी अंडं तळाशी सपाट आडवं पडतं. मग पोकळीचं टोक किंचित वर उचललं जातं. पुढे अंडं निमुळत्या टोकावर उभं राहतं, पण तळ सोडत नाही. तरंगतं ते सगळ्यात शेवटी. तरंगल्यावरही किती वर आलंय ते बघा. नुकतं तळ सोडलेलं अंडं पाण्यातच लटकल्यासारखं राहतं किंवा त्याचा ठिपक्याएवढा भाग वर दिसतो. दहा टक्के वजन गेलं असेल तर जवळपास दहा रुपयांच्या नाण्याएवढी चकती पाण्याबाहेर राहते. त्याहून मोठी चकती दिसली तर ते अंडं फारच दिवसांचं आहे, किंवा त्याला तडा आहे.

सगळी अंडी सारखीच सुरुवात करत नाहीत, हेही लक्षात असू द्या. जाड टरफलाचं अंडं मुळातच जड असतं, पातळ टरफलाचं हलकं. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, त्यांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि टरफल पातळ बनतं. म्हणजे मे महिन्यातलं अंडं हलकं सुरू होतं आणि पाणीही लवकर गमावतं. ट्रेमधली दोन-तीन अंडी बाकीच्यांच्या आठवडाभर आधी उभी राहिली तर त्यात दुकानदारानं जुनी मिसळली असंच नसतं.

मे आणि जुलैमधला फरक

अंड्याच्या आतली हवा कायम दमट असते. बाहेरची हवा जितकी कोरडी आणि गरम, तितकं पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. दोरीवरच्या कपड्यांचं जे होतं तेच. मे महिन्यात चादर तासाभरात कडक होते, जुलैत रुमालसुद्धा दोन दिवस ओलसर राहतो.

पुण्यात उन्हाळ्यात घरातलं दिवसरात्रीचं सरासरी तापमान ३० अंश आणि हवेतली आर्द्रता ४० टक्के धरली, तर एक अंडं रोज साधारण ०.३ ग्रॅम पाणी गमावतं. सव्वाचार ग्रॅम जायला दोन आठवडे पुरतात. जुलैत २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरा. तेच अंडं रोज ०.०५ ते ०.०६ ग्रॅमच गमावतं, आणि तरंगायला त्याला दोन महिन्यांहून जास्त लागतात. फ्रीजमध्ये पाणी जाण्याचा वेग जुलैइतकाच किंवा त्याहून कमी असतो, कारण थंड हवेत वाफ होतेच थोडी.

याची खातरजमा घरच्या वजनकाट्यावर करता येते. एका अंड्याचा फरक ग्रॅमच्या काट्यावर दिसत नाही, म्हणून दहा अंडी एकत्र तोला. आणली त्या दिवशी ५५० ग्रॅम भरली असं समजा, आकडा ट्रेच्या कडेवर पेन्सिलनं लिहा आणि अंडी ओट्यावर ठेवा. मे महिन्यात आठवड्यानं काटा ५२९-५३० च्या आसपास येईल, जुलैत ५४६ च्या. एकूण वजन ५०७ च्या जवळ आलं की बहुतेक अंडी तरंगायच्या बेतात आहेत. अंडी पाण्यात न बुडवता हाच निकाल मिळतो, आणि अंडी नियमित घेणाऱ्या घराला तो पातेल्यापेक्षा उपयोगी पडतो.

आता तक्रारीकडे परत या. मेमध्ये तरंगलेलं अंडं दोन आठवड्यांचं, सुकत आलेलं, पण बहुधा न नासलेलं असतं. जुलैत तळाशी पडलेलं अंडं पाच आठवड्यांचंही असू शकतं. चाचणी दोन्ही वेळा खरंच बोलते. ‘तरंगलं म्हणजे अमुक दिवसांचं’ हे कोष्टक आपण लावतो, आणि ते कोष्टक पुण्यात वर्षभर एकच राहत नाही. सुट्या अंड्यांवर तारीख नसते, आणि डब्यावर असते ती पॅकिंगची, घातल्याची नव्हे. त्यामुळे दिवस मोजायला दुसरा आधारही नसतो.

नासतं तेव्हा तरंगतंच असं नाही

‘अंडं सडलं की आत गॅस होतो, म्हणून ते तरंगतं’ हे आपण शाळेपासून ऐकतो. अर्धंच खरं आहे. सडताना वायू होतात, त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे तो कुप्रसिद्ध वास. पण जो ऐवज आधी द्रव होता तोच वायू झाला आणि टरफलाच्या आतच राहिला, तर वजन कमी होत नाही. टरफल फुगत नाही, म्हणजे जागाही वाढत नाही. वजन तेवढंच आणि जागा तेवढीच असेल तर तरंगण्यात काहीच फरक पडायला नको. वायू छिद्रांतून बाहेर निघून गेला तरच अंडं हलकं होतं. म्हणून दमट हवेत लवकर सडलेलं अंडं मजेत तळाशी बसू शकतं.

पावसाळ्यात सडण्याचं कारण पाणी उडणं नसून पाणी आत जाणं हे असतं. टरफल कोरडं आहे तोवर त्याच्यावरचे जंतू बाहेरच अडकतात. टरफलावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, तो छिद्रांची तोंडं झाकतो. टरफल ओलं झालं की जंतूंना आत जायला वाट मिळते. फ्रीजमधून काढलेलं अंडं जुलैच्या हवेत अर्धा तास ठेवा, त्याला गार तांब्यासारखा घाम फुटतो. ते तसंच पुन्हा आत ठेवलं, परत काढलं, असं चार वेळा झालं की झालंच काम. पुठ्ठ्याचा ओलसर ट्रे आणि त्यात एखादं फुटून चिकटलेलं अंडं असेल तर शेजारची आधी जातात.

सॅल्मोनेलाची तऱ्हा याहून वाईट. तो असला तरी अंडं ना तरंगतं, ना वास मारतं, ना वेगळं दिसतं. कुठलीही घरगुती चाचणी तो पकडत नाही. बलक घट्ट होईपर्यंत शिजवणं हाच इलाज.

चाचणी करायचीच असेल तर

खोल भांडं घ्या, अंड्याच्या वर चार बोटं पाणी राहील असं. उथळ कढईत अंडं उभं राहिलं की टोक पाण्याबाहेर येतं आणि तरंगल्याचा भास होतो. पाणी साधं घ्या. भाजी धुतलेलं मिठाचं पाणी चालणार नाही. नऊशे मिलिलिटर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ विरघळलं की ते पाणी जवळजवळ ताज्या अंड्याइतकं जड होतं, आणि आठवडाभराचं चांगलं अंडंही वर येतं. बोअरवेलच्या जड पाण्याची मात्र काळजी नको. त्यातले क्षार नळाला थर आणतात, पण अंडं उचलण्याइतके कधीच नसतात.

पाण्याचं तापमान हा खरा मुद्दा आहे आणि तोच सहसा चुकतो. अंडं गरम आणि पाणी गार असेल तर आतला ऐवज आकसतो आणि छिद्रांतून बाहेरचं पाणी, त्यातल्या जंतूंसकट, आत ओढलं जातं. घातल्यावर पोकळी जशी झाली तीच क्रिया, फक्त हवेऐवजी पाणी. म्हणून मे महिन्यात ओट्यावरची अंडी माठाच्या पाण्यात सोडू नका. पाणी अंड्यापेक्षा थोडं कोमट हवं.

अंडं चमच्यानं अलगद सोडा, टरफलाला चिकटलेले बुडबुडे बोटानं पुसा आणि पाच-दहा सेकंद थांबून ते कसं स्थिरावतं ते पाहा. एका जागेवरून बुडबुड्यांची बारीक ओळ सतत निघत असेल तर तिथे केसाएवढा तडा आहे. मग तरंगण्याचा निकाल विसरा आणि ते अंडं वापरू नका.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय. आणलेला तीस अंड्यांचा ट्रे बादलीत रिकामा करायचा, तरंगलेली काढायची आणि बाकीची पुसून-न पुसून परत ट्रेमध्ये लावायची. चाचणीत पास झालेली अंडीच मग पंधरा दिवसांत वास मारायला लागतात, आणि ‘दुकानदारानं फसवलं’ म्हणून वाद होतो. बादलीनं टरफलावरचा लेप उतरवलेला असतो, छिद्रं भिजवलेली असतात आणि एखाद्या घाण अंड्यावरचे जंतू सगळ्यांना वाटलेले असतात. पाण्यात बुडवलेलं अंडं त्याच वेळी शिजवायचं. परत ठेवायचं नाही. साठवायच्या अंड्यांसाठी ही चाचणी नाहीच.

साठवायच्या अंड्यांसाठी टॉर्च

खोलीत अंधार करा. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर अंड्याचं रुंद टोक टेकवा, आणि कडेनं उजेड फुटू नये म्हणून मुठीनं झाका. पांढऱ्या टरफलाच्या अंड्यात टोकाला उजळ टोपी दिसते आणि तिची कड रेषेसारखी स्पष्ट असते. ती पोकळी. कडेवर पेन्सिलनं खूण करा आणि टोकापासून तिथपर्यंतची उभी खोली पट्टीनं मोजा, टरफलाच्या वळणावरून नव्हे. चार मिलिमीटरपर्यंत अंडं ताजं. सहा-आठला ते वापरायचं, पण लवकर. नऊच्या पुढे गेलं की ते पाण्यात तरंगलंच असतं. तपकिरी टरफलातून कड अंधूक दिसते, तिथे अंडं हळूहळू फिरवून सावली कुठे तुटते ते बघावं लागतं.

टॉर्च पाण्यापेक्षा सरस ठरतो तो आणखी दोन ठिकाणी. काळं सडलेलं अंडं उजेड आत येऊच देत नाही, पोकळी सोडून सगळं गडद दिसतं. आणि गावरान अंडी. कोंबडा असलेल्या खुराड्यातली अंडी फलित असतात, आणि पुण्याच्या मे महिन्यातल्या उकाड्यात ओट्यावर राहिली की आत वाढ सुरू होऊ शकते. टॉर्चमध्ये लाल शिरांचं जाळं किंवा तांबडं कडं दिसलं तर ते अंडं बाजूला. पाण्यात हे दिसत नाही. म्हणून गावरान अंडी उन्हाळ्यात आणल्या दिवशीच फ्रीजमध्ये जावीत.

पोकळी कधीकधी अंडं हलवल्यावर टोक सोडून इकडेतिकडे सरकते. टेम्पोत आदळआपट झाली की आतला पापुद्रा सुटतो आणि हवा मोकळी होते. असं अंडं पाण्यात भलत्याच बाजूला कलतं आणि जुनं वाटतं. ते जुनं नसतं, पण जास्त दिवस ठेवण्याजोगंही नसतं.

उलटा धोका तेल लावलेल्या अंड्यांचा. छिद्रं बुजावीत म्हणून काही ठिकाणी खाद्य दर्जाच्या खनिज तेलाचा हात फिरवतात. त्यानं टिकाऊपणा वाढतो हे खरं, पण पोकळी वाढतच नाही, त्यामुळे पाणी आणि टॉर्च दोन्ही त्याला ताजंच म्हणतात. टरफल बोटाला गुळगुळीत, किंचित चकचकीत लागलं तर पोकळीवर भिस्त ठेवू नका.

तरंगलेल्या अंड्याचं काय करायचं

सरळ भुर्जीच्या कढईत फोडू नका, वेगळ्या वाटीत फोडा. नासलं असेल तर वास लगेच कळतो, त्यात संशयाला जागा राहत नाही. पांढरं हिरवट किंवा गुलाबी दिसलं तरी टाका. वास नाही, रंग नीट आहे, पण पांढरं पाण्यासारखं पसरलंय आणि बलक चपटा झालाय, तर ते जुनं अंडं आहे, नासकं नव्हे. कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून गेला की घट्ट पांढरं सैल होत जातं. अशा अंड्याची खमंग भुर्जी किंवा रस्सा करा, पूर्ण शिजवून. हाफ फ्राय, घरचं मेयोनीज किंवा कच्चं अंडं लागणारं काहीही त्याचं करू नका. लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस घरात असेल तर आमच्या मते तरंगलेलं अंडं टाकूनच द्यावं. सहा-सात रुपयांसाठी जोखीम घेण्याइतकं ते मौल्यवान नाही.

तळाशी उभं राहणारं, पण न तरंगणारं अंडं उकडायला सगळ्यात चांगलं. अगदी ताज्या अंड्याचं पांढरं पापुद्र्याला इतकं चिकटतं की सोलताना अर्धं टरफलाबरोबर जातं. आठ-दहा दिवसांनी पांढऱ्याची अल्कता वाढते आणि ती पकड सुटते. सोलायला रुंद टोकाकडून सुरुवात करा, पोकळीवर टरफल मोकळंच असतं. उकडलेल्या अंड्याच्या त्या टोकाला जो सपाट खळगा दिसतो तो पोकळीचाच ठसा. खळगा रुपयाएवढा असेल तर ठीक. त्या टोकाचा मोठा भाग कापल्यासारखा सपाट असेल, तर त्याच ट्रेमधली उरलेली अंडी आज रात्रीच्या जेवणातच घ्या.